१८ पैकी १२: तिसरीच्या शुक्रवारच्या श्रुतलेखनाची फेरमांडणी

शुक्रवारी दहा शब्द, प्रत्येकी एक गुण, चुकलेला शब्द सोमवारी दहा वेळा लिहून आणायचा. मराठी माध्यमाच्या अनेक शाळांत श्रुतलेखन असंच चालतं, आणि हे प्रकरण त्याच पद्धतीचं आहे. ऐरोलीतल्या एका मराठी शाळेचा तिसरीचा वर्ग डोळ्यांसमोर आणा, पट ३४. काही मुलांच्या घरी आगरी बोलतात, काहींच्या घरी घाटावरची मराठी, चार-पाच जणांच्या घरी हिंदी. वर्ग नमुन्याचा आहे आणि आकडे उदाहरणापुरते आहेत. चुका मात्र ठाणे-नवी मुंबईतल्या तिसरीच्या कुठल्याही वहीत सापडतील अशाच घेतल्या आहेत.

या वर्गाची अडचण अशी, की दर शुक्रवारी निकाल जवळजवळ तोच लागतो. ज्यांना नऊ-दहा मिळतात त्यांना पुढच्या शुक्रवारीही नऊ-दहाच. ज्यांना तीन मिळतात त्यांना तीनच, आणि ही मुलं गुरुवारी रात्रीच पोट दुखतं म्हणू लागतात. बाईंनी चाचणी सोपी करून पाहिली, तर वरची मुलं कंटाळली. चांगलं लिहिणाऱ्यांना चांदणी द्यायला सुरुवात केली, तर चांदण्या त्याच आठ वह्यांत जमा झाल्या. आमच्या मते दोष शब्दांच्या संख्येत नाही आणि बक्षिसातही नाही. गुण कशाला द्यायचे, तिथेच घोळ आहे.

एक कागद, दोन तपासण्या

एका मुलीचा कागद घेऊ. नव्या मांडणीत दहाऐवजी आठच शब्द घातले आहेत, त्या आठवड्याचे शब्द होते: खीर, फूल, दूध, बहीण, पाऊस, लाडू, आंबा, वीट. तिने लिहिलं: खिर, फुल, दूध, बहिन, पाउस, लाडू, आंबा, विट.

नेहमीच्या तपासणीत आठपैकी तीन शब्द बरोबर. बाकीच्या पाचांवर लाल फुली. त्या फुलीतून मुलीला एवढंच कळतं की तिला जमलं नाही. नक्की काय जमलं नाही, हे तिलाही कळत नाही आणि कागद पाहणाऱ्या आईलाही नाही.

आता तोच कागद अक्षर मोजून तपासू. खीर म्हणजे दोन अक्षरं, खी आणि र. बहीण म्हणजे तीन. जोडाक्षर एकच धरायचं, म्हणजे सूर्य हा शब्द सू आणि र्य असा दोन अक्षरांचा. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार सगळं ठीक असेल तरच ते अक्षर बरोबर. या हिशेबाने आठ शब्दांची अक्षरं होतात १८. मुलीची बरोबर अक्षरं अशी: खिरमध्ये एक, फुलमध्ये एक, दूधची दोन, बहिनमध्ये एक, पाउसमध्ये दोन, लाडूची दोन, आंब्याची दोन, विटमध्ये एक. बेरीज १२.

पाच फुल्यांऐवजी बारा टिका मिळाल्या म्हणून मुलीला बरं वाटतं, हे खरंच. पण खरा फायदा उरलेल्या सहा अक्षरांत आहे. खि, फु, हि, उ, वि, न. सहापैकी पाच ठिकाणी एकच गोष्ट चुकली आहे: दुसरी वेलांटी किंवा दुसरा उकार हवा होता, तिथे पहिला आला. सहावी चूक ण-न ची, तिचं कारण वेगळं, तिच्याकडे पुढे येऊ. म्हणजे या मुलीचं शुद्धलेखन कच्चं आहे असं म्हणण्यात अर्थ नाही. तिला एक नियम माहीत नाही, आणि तो एका आठवड्यात शिकवण्याजोगा आहे.

इंग्रजीत शब्दाऐवजी लागोपाठच्या अक्षरांच्या जोड्या मोजून स्पेलिंग तपासण्याची पद्धत जुनी आहे. मराठीत ती जशीच्या तशी लावता येत नाही, कारण आपली मात्रा व्यंजनाला चिकटलेली असते. म्हणून इथे पूर्ण अक्षर हेच माप धरलं आहे. मोजताना दोन प्रश्न हमखास येतात. मधलं अक्षर गळलं तर काय? नारळऐवजी नाळ लिहिलं, तर ना आणि ळ बरोबर धरायचे, फक्त र गेला. ळ दुसऱ्या जागी आला म्हणून तो चूक धरायचा नाही. आणि जास्तीचं अक्षर घुसलं तर एकूण मोजणीतून एक कमी करायचा, नाहीतर शंका आली की मूल दोन-दोन अक्षरं लिहून ठेवतं. अशीच एक गंमत वेलांटीची. काही मुलं अक्षराच्या दोन्ही बाजूंना पुसट रेघ ओढून वर अर्धगोल काढतात, म्हणजे पहिली वाचा की दुसरी, तुमची मर्जी! अशा अक्षराला टीक नाही, आणि हे मुलांना आधीच सांगून ठेवायचं.

हस्ताक्षर मात्र या मोजणीत अजिबात आणायचं नाही. घरच्या कुणी शिकवलेला श किंवा ल पुस्तकातल्या वळणापेक्षा वेगळा असू शकतो. वळण चुकलं तर ते लेखनाच्या तासाला पाहावं, शुक्रवारी नाही.

आठ शब्द कुठून आणायचे

दहा शब्द पाठातून उचलले, की यादीत सूर्य, आंबा, परीक्षा, गुण, लाडू असे पाच नियमांचे पाच शब्द येतात. मूल त्यातला एकही नियम शिकत नाही, फक्त शब्दाचं चित्र गुरुवारपासून शुक्रवारपर्यंत डोक्यात धरून ठेवतं. म्हणून आठवड्याला नियम एक आणि नवे शब्द पाचच.

वरच्या यादीतले पहिले पाच शब्द एकाच नियमाचे आहेत. मुलांच्या भाषेत तो असा सांगता येतो: शेवटच्या अक्षराला काहीच लागलेलं नसेल, तर त्याच्या आधीची वेलांटी दुसरी आणि उकारही दुसरा. खीर, फूल, दूध, बहीण, पाऊस. जीभ, ऊस, वकील हे त्याच घरातले. नियम फळ्यावर लिहून पाठ करून घेण्यापेक्षा पाच शब्द एकाखाली एक लिहून यांच्यात सारखं काय आहे, हे मुलांना विचारलं तर तो जास्त टिकतो. तिसरीतल्या मुलांना तो दिसतो, फक्त शेवटचं अक्षर बोटाने झाकायला सांगावं लागतं.

यादी बिघडते ती इथेच. त्याच आठवड्यात गुण, विष, मंदिर हे शब्द आले की नियम कोसळतो, कारण हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आले आहेत आणि त्यांची वेलांटी-उकार पहिलाच राहतो. चिंच, भिंत यांत अनुस्वार आहे, मित्र, शिस्त यांत पुढे जोडाक्षर आहे, तिथेही पहिलीच. हे शब्द वाईट नाहीत, त्यांची वेळ अजून आलेली नाही. आधी नियम पक्का होऊ द्यावा, अपवाद किमान तीन आठवड्यांनी आणावेत. दुधात, फुलाला, बहिणीचा ही रूपंही तेव्हाच, कारण प्रत्यय लागला की तीच दुसरी वेलांटी पहिली होते. दोन्ही गोष्टी एका आठवड्यात शिकवल्या की मुलं दुधही लिहितात आणि दूधातही.

उरलेले तीन शब्द हा या मांडणीचा कणा आहे. लाडू मागच्या आठवड्यातला, म्हणजे शेवटची वेलांटी-उकार दुसरा या नियमाचा. आंबा तीन आठवड्यांपूर्वीचा, अनुस्वाराच्या यादीतला. आणि वीट हा शब्द मुलांनी ऐकलेला आहे, पण कुठल्याच यादीत नव्हता. आठवड्याचा नियम कळला असेल तर वीट बरोबर येते. यादी नुसती पाठ केली असेल तर विट येते.

याच वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाचा कागद बघा. पाचही नवे शब्द अचूक, १२ पैकी १२. पुढे लाडु, आबा, विट. एकूण १५. जुन्या पद्धतीत यादी पाच नव्या शब्दांचीच असती, तर त्याला पैकीच्या पैकी मिळून वर चांदणी लागली असती. इथे दिसतं की शिकवणीत गुरुवारी घोटून घेतलेलं शुक्रवारी उतरलं, पण मागचं मागेच राहिलं. पहिल्या मुलीपेक्षा त्याचे गुण जास्त आहेत, पण लाडू-आंबा तिचे टिकले आहेत, त्याचे नाहीत. दोघांना पुढच्या आठवड्यात वेगवेगळं काम द्यायला हवं, हे या तीन शब्दांमुळेच कळतं.

तिसरा कागद अजून वेगळा. खर, फल, दद, बण, पास, असं लिहिलेला. या मुलाला नियम सांगून उपयोग नाही, त्याचं अजून आवाज आणि मात्रा यांचं नातं बसलेलं नाही. त्याच्यासाठी याच यादीतले दोन नवे शब्द आणि एक जुना, तेही चौकटीत: ब, मग रिकामी चौकट, मग ण. रिकाम्या चौकटीत फक्त मधलं अक्षर भरायचं. कागद सगळ्यांसारखाच दिसावा, म्हणून तिन्ही तऱ्हांचे कागद एकाच आकाराचे, घडी घालून वाटलेले. कुणाकडे कोणता कागद आहे हे शेजाऱ्याला पहिल्या दोन आठवड्यांत कळतंच. त्यावर बाई काही बोलल्या नाहीत तर मुलंही काही बोलत नाहीत.

पंधरा मिनिटांचा शुक्रवार

श्रुतलेखन घालताना क्रम एकच: शब्द, मग तो शब्द असलेलं छोटं वाक्य, मग पुन्हा शब्द. वाक्य हवंच, कारण जुलैत पत्र्यावर पाऊस वाजत असताना शेवटच्या बाकावर खीर आणि कीर सारखंच ऐकू येतं. पण वाक्यात शब्द मूळ रूपात यायला हवा. दूध घालायचं असेल तर "दूध तापलं" म्हणा. "दुधात साखर घाल" म्हटलं, तर पाच-सहा मुलं दुधात लिहितील आणि तीही आपल्या जागी बरोबरच. दोन शब्दांत पंधरा-वीस सेकंद पुरतात, आणि आठही झाल्यावर एकदा सलग वाचायचं, म्हणजे राहिलेला शब्द भरता येतो.

सर्वात जास्त बिघाड होतो तो खीऽऽर असं ओढून म्हणण्याने. ओढलं की मुलं कानाने दुसरी वेलांटी लिहितात आणि आपल्याला वाटतं नियम समजला. रोजच्या बोलण्यात वेलांटी पहिली की दुसरी, हे कानाने ओळखण्याइतका स्पष्ट फरक आपण करतोच असं नाही. लिहिताना मुलाला शब्दातली जागा पाहून ठरवता आलं पाहिजे. म्हणून आठही शब्द घरात बोलतो तसे, विशेषतः जुने आणि अनोळखी शब्द.

लिहून झालं की शिसपेन्सिल आणि खोडरबर कंपासपेटीत आत. प्रत्येकाच्या हातात हिरवं पेन. बाई फळ्यावर एकेक शब्द अक्षर सुटं करून लिहितात, ख वर दुसरी वेलांटी, मग र. मूल आपल्या कागदावर प्रत्येक बरोबर अक्षराखाली बारीक टीक करतं. चुकलेलं अक्षर खोडायचं नाही, त्याच्या डोक्यावर बरोबर अक्षर हिरव्याने लिहायचं, आणि शेजारी पूर्ण शब्द एकदाच. मग टिका मोजून खाली आकडा.

प्रयत्नाचे गुण इथे आहेत, आणि ते ठरवताना जपून. प्रत्येक दुरुस्तीला एक गुण दिला, तर जास्त चुकणाऱ्याला जास्त गुण मिळतात आणि हुशार मुलं आठवड्याभरात मुद्दाम चुकायला शिकतात. त्यामुळे दुरुस्तीचे गुण सर्वांना सारखेच, चार. आपल्या सगळ्या चुका सापडल्या आणि नीट दुरुस्त झाल्या की चार. नजरेतून सुटलेल्या किंवा पुन्हा चुकीच्या लिहिलेल्या प्रत्येक अक्षरामागे एक कमी, पण शून्याखाली नाही. ज्याची एकही चूक नाही त्याला हे चार गुण फुकट मिळत नाहीत. त्याने पुस्तकातून त्याच नियमाचा एक नवा शब्द शोधून खाली लिहायचा. तो बरोबर तर चार. पहिल्या मुलीने सहाही अक्षरं पकडली तर तिचा निकाल असा लिहिला जातो: अक्षरं १८ पैकी १२, दुरुस्ती ४ पैकी ४. या दोन आकड्यांची बेरीज कधीच करायची नाही. बेरीज केली की २२ पैकी १६ होतात आणि दोन्ही गोष्टी त्यात बुडतात.

बाईंच्या हाती उरतं ते फक्त वरवर पाहणं. टिका खोट्या नाहीत ना, हिरव्याने शिसपेन्सिलीवर गिरवलेलं नाही ना. मुलांनी मोजून ठेवलेलं असलं की एका कागदाला साधारण अर्धं-पाऊण मिनिट लागतं, ३४ कागद अर्ध्या तासात होतात. पहिल्या दोन शुक्रवारी जास्त लागेल, कारण ही वयाने आठ-नऊ वर्षांची मुलं जोडाक्षराची दोन अक्षरं मोजतात.

दहा वेळा लिहिणं का सोडायचं

दहा वेळा लिहायला दिलेली वही जवळून पाहिली तर मूल काय करतं ते दिसतं. आधी वरपासून खालपर्यंत दहा ख. मग सगळ्यांना एकाच दमात वेलांट्या. मग दहा र. शब्द लिहिलाच गेलेला नसतो, तीन उभ्या रांगा भरलेल्या असतात. आणि जे मूल आडवं लिहितं ते पहिल्या ओळीतली स्वतःचीच चूक नऊ वेळा उतरवतं.

त्याऐवजी सोमवारी पाच शब्दांची चिठ्ठी जाते, उजवीकडे दुमडता येईल अशी. पाहा, झाका, लिहा, पडताळा. चिठ्ठी दुमडून शब्द आठवून लिहायचा, उघडून पाहायचा, चुकला तर परत एकदा. सोमवार, मंगळवार, गुरुवार, रोज प्रत्येक शब्द एकदा. बुधवारची सुट्टी मुद्दाम आहे. मधे एक दिवस गेल्यावर आठवून लिहिलेलं जास्त टिकतं. पालकांना एकच सूचना: मुलाने झाकून लिहिलं की तारखेखाली सही करा, चूक तुम्ही दुरुस्त करू नका. ही सही गुणांत धरायची नाही. ज्या घरी आई-बाबा दोघंही लोकलने उशिरा पोहोचतात, तिथे सही राहते. त्या मुलांनी शाळेत मधल्या सुट्टीआधीची पाच मिनिटं वापरावीत.

बक्षीस हवंच असेल तर ते दुरुस्तीला जोडावं. सलग तीन शुक्रवार दुरुस्ती पूर्ण झाली, की त्या मुलाला पुढच्या यादीतला एक शब्द निवडायला मिळतो. बाईंनी नियमात बसणारे तीन शब्द पुढे ठेवायचे, त्यातला एक. अगदीच मोकळीक दिली तर यादीत डायनासोर येतो.

बहिन, पानी, गारी

पहिल्या मुलीने बहिन लिहिलं, त्या न कडे परत येऊ. आगरी बोलण्यात ण चा न आणि ळ चा ल होतो, ड च्या जागी र येतो. पानी, काला, गारी, घोरा. हिंदी बोलणाऱ्या मुलांकडूनही पानी येतं. मूल जे बोलतं तेच अक्षरात उतरवतं, म्हणजे त्याचं ऐकून लिहिणं पक्कं आहे. त्या अक्षराला टीक नाही, पण त्याला फुलीही नको. वर्तुळ करून वर "पुस्तकात" एवढंच लिहावं. "असं बोलू नको" म्हटलं की मूल शुक्रवारी ओठ बंद करून बसतं आणि पुढे लिहितानाही शब्द मनात म्हणायला घाबरतं. याला वेगळा आठवडा द्यावा: पाणी, कोण, लोणी, केळ, नळ. घरी काय म्हणतो आणि पुस्तकात काय लिहितो, दोन स्तंभ. आगरी घरातली मुलं पहिला स्तंभ भरण्यात सगळ्यांच्या पुढे असतात.

गावातल्या पाट्यांबद्दलही एक सांगून ठेवायला हवं. दुकानाच्या पाटीवर दुध आणि फुल लिहिलेलं मुलं रोज बघतात. कुणीतरी उठून सांगणारच, बाई, पाटीवर तर असं आहे. तेव्हा पाटीच दुरुस्त करायला लावावी, वहीत, हिरव्या पेनाने.

प्रगती दिसते कुठे

आता सर्वात अवघड भाग. पहिल्या मुलीला या शुक्रवारी १८ पैकी १२ मिळाले, पुढच्या शुक्रवारी १९ पैकी १५. ती सुधारली का? सांगता येत नाही. पुढच्या आठवड्याचा नियम सोपा असेल, शब्द ओळखीचे असतील. दर आठवड्याची यादी वेगळी असल्याने आठवड्याचे आकडे एका रेषेवर मांडून आलेख काढणं म्हणजे वेगवेगळ्या मापांनी तांदूळ मोजणं. भिंतीवरचे रंगीत तक्ते म्हणूनच फसवे असतात. जोडाक्षराच्या आठवड्यात सगळ्या वर्गाची रेघ खाली येते आणि मुलांना वाटतं आपण बिघडलो.

त्यासाठी एक कायमची यादी लागते. दहा शब्द, पाच नियम, प्रत्येकाचे दोन. वाटी, चाकू. मीठ, गरीब. उंट, कंगवा. रस्ता, दप्तर. वर्ग, गर्दी. एकूण अक्षरं २३. ही यादी पहिल्या, सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात घालायची. शाळा जूनच्या मध्याला सुरू होते, त्यामुळे पावसाच्या आणि गणपतीच्या सुट्ट्या धरूनही बारा आठवडे दिवाळीपर्यंत बसतात. शुक्रवारी सुट्टी आली तर तो आठवडा सोडून द्यावा, पुढच्या शुक्रवारी दोन याद्या एकत्र करू नयेत.

या यादीचे तीन दंडक आहेत. हे दहा शब्द साप्ताहिक यादीत कधीच येऊ द्यायचे नाहीत. फळ्यावर त्यांची दुरुस्ती करायची नाही. आणि ती घरी पाठवायची नाही, कागद बाईंच्या फाइलमध्ये राहतात. यातला एकही मोडला की मुलं दहा शब्द पाठ करतात आणि बाराव्या आठवड्यात सगळ्यांनाच २३ मिळतात, ज्याचा काहीच अर्थ नसतो.

पहिल्या मुलीचे आकडे समजा १४, १७ आणि २० आले. आकड्यापेक्षा कोणती अक्षरं हलली ते बघा. मिठ चं मीठ, गरिब चं गरीब सहाव्या आठवड्यात झालं, म्हणजे ज्या नियमाचा आठवडा घेतला तो पोहोचला. गर्दीचा रफार सहाव्यात ग वर होता, बाराव्यात योग्य जागी, द वर गेला. उंट मात्र तिन्ही वेळा उट राहिला, अनुस्वार अजून कच्चा आहे. एक-दोन अक्षरांचा चढउतार मनावर घेऊ नये, त्या दिवशी मुलाला सर्दी असते, बाजूचं मूल बोलत असतं. तीन किंवा जास्त अक्षरांचा फरक असेल तरच काही घडलं असं म्हणावं, आणि तो फरक एकाच नियमाच्या शब्दांत असेल तर खात्रीने.

मुलाला दाखवताना तीन कागद शेजारी ठेवायचे आणि हिरव्या पेनाने त्यालाच नव्याने बरोबर आलेली अक्षरं गोल करायला सांगायची. बाराव्या आठवड्यापर्यंत यादी पुन्हा घालायची आहे, म्हणून हे दाखवणं त्यानंतरच. सहाव्या आठवड्यात फक्त बाईंनी पाहायचं आणि पुढच्या सहा आठवड्यांचे नियम त्यावरून निवडायचे.

सहाव्या आठवड्यातच आणखी एक गोष्ट तपासायची. चौकटीचे कागद घेऊनही एखाद्या मुलाची अक्षरं गळतच असतील, त्याला तोच शब्द वाचताही येत नसेल, आणि तोंडी गोष्ट मात्र तो छान सांगत असेल, तर सराव वाढवून भागणार नाही. कागद फाइलसकट घेऊन विशेष शिक्षकांशी आणि पालकांशी बोलावं. अध्ययन अक्षमता आहे की नाही हे श्रुतलेखनावरून ठरत नाही, पण सहा आठवड्यांचे तारीखवार कागद हातात असले की तपासणाऱ्याला सुरुवात करायला काहीतरी ठोस मिळतं.

पालकसभेतला प्रश्न

पहिल्या सभेत प्रश्न येणारच: "बाई, ते अक्षर-बिक्षर ठीक आहे, पण आठपैकी किती शब्द बरोबर?" उत्तर टाळू नये. तीन. आणि लगेच कागद पुढे करून दाखवावं, की चुकलेल्या सहा अक्षरांपैकी पाच एकाच जातीची आहेत. बहुतेक पालक स्वतःच खि वर बोट ठेवतात. पुढचा प्रश्न शेजारच्या मुलाच्या गुणांचा असतो. त्या मुलाचा कागद फाइलमध्ये असतो, आणि तो त्याच्याच पालकांना दाखवायचा असतो.

आकारिक मूल्यमापनाच्या नोंदीत "शुद्धलेखनात सुधारणा आवश्यक" हे वाक्य वर्षानुवर्षं उतरवलं जातं. या कागदांवरून लिहिता येणारी नोंद अशी: "उपान्त्य दीर्घ वेलांटी-उकार आता बरोबर लिहिते, अनोळखी शब्दातही. स्वतःच्या चुका स्वतः शोधते. अनुस्वार सुटतो. ण-न चा सराव सुरू आहे." चौथीच्या बाईंना जूनमध्ये हीच ओळ वाचून अनुस्वारापासून सुरुवात करता येते.